'काटा मारणं वाईट' असं म्हणताना आपण नेमकं काय करतो?

प्रश्न: सर, मी कोल्हापुरात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, तत्त्वज्ञान विषय घेऊन. ए. जे. एअर हा तत्त्वज्ञ म्हणतो की नैतिक वाक्यं म्हणजे नुसत्या भावना. मग 'चोरी वाईट' आणि 'मला कारलं आवडत नाही' यांत फरक काय राहिला? आक्षेपांची यादी नोट्समध्ये आहे, पण त्यातला खरोखर लागू पडणारा कुठला, ते कळत नाही.

उत्तर:

आधी कारल्याचं उरकून घेऊ, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. 'मला कारलं आवडत नाही' हे तुमच्याबद्दलचं विधान आहे आणि ते खरं किंवा खोटं असू शकतं. पाहुण्यांच्या पंगतीत तुम्ही कारल्याची भाजी दोनदा मागून घेतली, तर समोरचा म्हणेल, हा खोटं बोलला. पण घास तोंडात जाताच तुमच्या तोंडून 'शी!' निघालं, तर त्याला कुणी 'हे खोटं आहे' म्हणणार नाही. तिथे नावड नुसती बाहेर पडली, तिची माहिती दिली गेली नाही. एअरच्या मते 'चोरी वाईट' हे या 'शी!'च्या जातीचं बोलणं आहे. ते बोलणाऱ्याच्या मनाचा अहवाल देत नाही. अहवाल देतं असं मानणारा वेगळा पक्ष आहे, त्याला व्यक्तिनिष्ठतावाद म्हणतात, आणि एअरने तो स्वतःच फेटाळला आहे. त्याचं कारण असं: 'मला कधी कधी वाईट गोष्टीही आवडतात' असं कुणी म्हटलं, तर त्यात विसंगती नाही. 'वाईट'चा अर्थ 'मला न आवडणारं' एवढाच असता, तर त्या वाक्यात विसंगती असायला हवी होती. पेपर तपासताना मी हे दोन पक्ष एकात कालवलेले इतक्या वेळा पाहिलेत की इमोटिव्हिझम, म्हणजे एअरचा हा भावनावाद, शिकवताना पहिला तास आता मी यावरच खर्च करतो.

एअर इथवर कसा आला, ते थोडक्यात. व्हिएन्नाच्या तार्किक अनुभववाद्यांच्या बैठकांना बसून आलेला हा पंचविशीतला इंग्रज. 'लँग्वेज, ट्रूथ अँड लॉजिक' हे त्याचं पुस्तक १९३६ साली आलं आणि नीतीचा विषय त्याच्या सहाव्या प्रकरणात आहे. त्याची कसोटी कडक होती: वाक्य एक तर नुसत्या व्याख्येने खरं ठरलं पाहिजे, नाही तर अनुभवाने तपासता आलं पाहिजे. दोन्ही जमत नसेल, तर त्यात काही सांगितलेलंच नाही.

ही कसोटी आपल्याकडच्या एका गोष्टीला लावून बघा. समजा, करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने उसाची गाडी आधी बाहेरच्या खासगी काट्यावर नेली. भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, असा निव्वळ ऊस भरला १८ टन. कारखान्याच्या काट्यावर पावती मिळाली १७.७ टनांची. टनाला ३,४०० रुपये धरले, तर एका खेपेत १,०२० रुपये गेले. वैधमापनचा निरीक्षक प्रमाणित वजनं घेऊन येऊ शकतो, काटा तपासू शकतो, त्यात फेरफार झालाय का आणि तो जाणूनबुजून केलाय का हेही शोधता येतं. हे सगळं शोधून झालं, कागदावर आलं. आता कुणीतरी म्हणालं, 'हे वाईट केलं.' या वाक्याने कागदावर कुठली नवी नोंद वाढली? कुठल्या यंत्रावर ते 'वाईट' उमटणार? एअर म्हणतो, एकही नोंद वाढली नाही. 'तुम्ही काटा मारला' हे वाक्य संतापाच्या सुरात म्हटलं, किंवा पुढे दोन उद्गारचिन्हं टाकली, तर जे होईल तेवढंच 'वाईट' या शब्दाने झालं.

लक्षात घ्या, तो त्या वाक्याला टाकाऊ म्हणत नाही. ते माहितीचं काम करत नाही, भावना बाहेर काढण्याचं आणि दुसऱ्यात जागवण्याचं करतं, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

आता आक्षेप. नोट्समध्ये पहिला असतो तो वादाचा: नीती म्हणजे भावना असेल, तर माणसं नैतिक वाद घालतात कशी? 'शी' आणि 'वा' यांचं भांडण होत नाही. एअरचं उत्तर होतं की खरे वाद वस्तुस्थितीवरच असतात, आणि ती मिटल्यावर मूल्यांवर वाद घालता येत नाही. हे उत्तर मला फार कोरडं वाटतं. अमेरिकेतल्या चार्ल्स स्टीव्हन्सनने १९३७ च्या एका लेखात आणि मग १९४४ च्या पुस्तकात त्याहून बरं उत्तर दिलं. त्याने मतभेदाचे दोन प्रकार वेगळे केले: एक, समजुतींचा. दुसरा, वृत्तींचा, म्हणजे एखादी गोष्ट व्हावी की न व्हावी याबद्दलच्या कलाचा.

त्याच उसाच्या पावतीवर दोन भाऊ बोलताहेत असं समजा.

"दादा, ही सरळ लुबाडणूक हाय."

"आरं, पाल्याची वजावट धरली असंल."

इथपर्यंतचा वाद समजुतींचा आहे. पावती उलटून बघितली, वजावट वेगळी दाखवलेली आहे आणि ३०० किलो त्याच्या बाहेरचे आहेत असं निघालं, तर तो संपला. पण दादा संपवत नाही.

"मारला असंल काटा. पर कारखाना आपलाच हाय. उद्या तो बुडाला तर ऊस कुणाच्या दारात नेऊन टाकायचा?"

आता दोघांना सगळे आकडे मान्य आहेत आणि तरी भांडण शिल्लक आहे. धाकट्याला हे थांबलेलं हवंय, थोरल्याला ते खपवून घेतलेलं चालतंय. दोघांचे कल एकाच वेळी पुरे होऊ शकत नाहीत. स्टीव्हन्सन म्हणतो, नैतिक वाद बहुतेकदा असा असतो, आणि 'वाईट' म्हणणारा माणूस जणू म्हणतो, 'मला हे मान्य नाही, तूही मान्य करू नकोस.' वाद कसा होतो या आक्षेपाला हे उत्तर पुरेसं आहे. हा आक्षेप लिहिलात आणि स्टीव्हन्सन लिहिला नाहीत, तर मी गुण कापतो.

अशा कलांच्या भांडणात माणसं काय करतात, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळेंना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना मदत करून चहाचं हॉटेल घालायला लावलं आणि स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले. त्या चहाने शहरातल्या कुणाला नवी माहिती मिळाली नाही. गंगाराम माणूस आहे, त्यांचा चहा चहाच आहे, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. हलवायचा होता तो कल, आणि राजाने चारचौघांत कपाला तोंड लावलं की तो हलतो. भावनावाद नीतीला क्षुद्र करतो असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो, कारण नैतिक बदलाचा मोठा भाग खरोखर असा घडतो आणि स्टीव्हन्सनने तो नीट टिपलाय.

पण याच जागेवरून त्याच्यावर दुसरा घाव बसतो, आणि तो जरा खोल आहे. कल हलला एवढंच बघायचं असेल, तर चहाने हलवलेला आणि धमकीने हलवलेला, यांत फरक कशावर करायचा? दादाला धाकट्याने पटवून दिलं आणि दादाला कुणी रात्री घरी येऊन दम दिला, दोन्हीचा परिणाम एकच होऊ शकतो. ॲलास्डेअर मॅकिन्टायरने १९८१ मध्ये यावरच बोट ठेवलं: भावनावाद खरा असेल तर माणसाला पटवणं आणि माणसाला वापरणं यांतली रेघ पुसली जाते. स्टीव्हन्सनचा बचाव असा होऊ शकतो की ती रेघ नैतिक आहे, भाषेच्या अर्थात ती शोधू नका. धमकी मला मान्य नाही, असं मीही म्हणेनच. बचाव अर्धा पटतो. कारण आपण 'चांगलं कारण' आणि 'नुसता दबाव' हा फरक नीतीच्या आधी, कुठलाही विचार करताना वापरतो, आणि तो कुठून येतो हे भावनावादी सांगू शकत नाही.

'मग काहीही चालेल' हा आक्षेप मात्र भराभर ओलांडा. परीक्षार्थींना तो सर्वांत आवडतो आणि तो सर्वांत कच्चा आहे. 'काहीही चालेल' हे स्वतःच एक नैतिक मत आहे, आणि एअरच्या सिद्धान्तातून कुठलंच नैतिक मत निघत नाही, हेही निघत नाही. काटामारीवर तोही तुमच्याइतकाच संतापू शकतो.

त्याच्या शेजारचा आक्षेप मात्र चांगला आहे. उद्या सगळ्यांना अस्पृश्यता योग्य वाटू लागली, तर ती योग्य ठरेल का? आपण म्हणतो, नाही, सगळ्या जगाला योग्य वाटली तरी ती अन्यायाचीच. नीती भावनेवर उभी असेल, तर असं कसं म्हणता येतं? यावर भावनावादाच्याच बाजूने लढणाऱ्या सायमन ब्लॅकबर्नचं उत्तर हुशार आहे. तो म्हणतो, 'सगळ्यांना योग्य वाटली तरी अन्यायाचीच' हे वाक्यही आतून बोललेलं नैतिक वाक्य आहे. लोकांना काय वाटतं यावर निवाडा बदलणारा माणूस मला नापसंत आहे, असा तो कल आहे, आणि असा कल भावनावाद्याला खुशाल बाळगता येतो. मला हे उत्तर मान्य आहे. फक्त एक खिळा राहतो. 'माझंच सर्वांत खोल मत चुकत असेल' ही शंका आपल्याला कधीतरी येते. दुसऱ्याचं मत चूक ठरवायला माझा कल पुरतो. माझा शेवटचा कलच चूक असेल, तर तो कशाच्या तुलनेत? इथे ब्लॅकबर्नचे शब्द थोडे गुळमुळीत होतात.

आता तुम्ही विचारलेला, खरोखर लागू पडणारा आक्षेप. तो पीटर गीच यांनी १९६० आणि १९६५ च्या लेखांत मांडला, आणि मूळ मुद्दा जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेचा म्हणून त्याला फ्रेगे-गीच समस्या म्हणतात. त्यात नीतीच्या प्रतिष्ठेचा प्रश्नच नाही. आहे तो साध्या व्याकरणाचा. हा युक्तिवाद बघा:

काटा मारणं वाईट आहे.
काटा मारणं वाईट असेल, तर तो मारल्याचं माहीत असून गप्प बसणंही वाईट आहे.
म्हणून, माहीत असून गप्प बसणं वाईट आहे.

यात कुणालाही खोट दिसणार नाही. पहिली दोन वाक्यं मानली की तिसरं मानावंच लागतं. आता भावनावाद लावा. पहिल्या वाक्यात 'वाईट' हा शब्द चीड बाहेर काढतो, ठीक. दुसऱ्या वाक्याच्या पहिल्या तुकड्यात 'काटा मारणं वाईट असेल, तर' आहे. इथे कोणती चीड बाहेर पडली? कोणतीच नाही. काटामारीत काही गैर नाही असं मानणारा दादासुद्धा हे वाक्य मनापासून बोलू शकतो: 'वाईट असेल, तर गप्प बसणंही वाईट, कबूल. पण ते वाईट नाहीच.' म्हणजे त्या तुकड्यात 'वाईट' शब्द आहे आणि भावना नाही.

शब्दाचा सगळा अर्थ भावना बाहेर काढणं एवढाच असेल, तर पहिल्या वाक्यातल्या 'वाईट'चा अर्थ एक आणि दुसऱ्यातल्याचा दुसरा झाला. अर्थ बदलला की युक्तिवाद कोसळतो, तर्कशास्त्रात याला अनेकार्थ दोष म्हणतात. पण युक्तिवाद तर धडधडीत बरोबर आहे. म्हणून अर्थ बदललेला नाही, आणि म्हणून तो अर्थ भावना बाहेर काढणं हा नाही. हवं तर शब्दाच्या जागी उद्गार घालून बघा: 'काटा मारणं, शी!, असेल तर गप्प बसणं, शी!' हे वाक्यच होत नाही. जे काही 'असेल तर'च्या मागे बसतं, त्यात खरं-खोटं होण्याची ताकद लागते, आणि 'शी'त नेमकी तीच नाही. हाच प्रयोग प्रश्नावर करा. 'काटा मारणं वाईट आहे का?' असं विचारणाऱ्याचा कल अजून ठरलेला नाही, तरी आपल्याला त्याचा प्रश्न पूर्ण समजतो.

ब्लॅकबर्नने १९८४ मध्ये वाट काढायचा प्रयत्न केला. त्याच्या मते 'असेल तर' वाक्यही कलच व्यक्त करतं, फक्त कलांबद्दलचा. काटामारीचा राग करणं आणि गप्प बसण्याचा राग न करणं, ही जोडी मला नापसंत आहे, असं ते वाक्य म्हणतं. मग पहिली दोन वाक्यं मानून तिसरं नाकारणारा माणूस स्वतःलाच नापसंत असलेल्या जोडीत सापडतो. युक्ती सुंदर आहे. पण असा माणूस नेमका कशात चुकला ते पाहा. स्वतःला जे नापसंत ते त्याने केलं. याला आपण दुटप्पीपणा म्हणू, तत्त्वशून्यता म्हणू. पण 'सर्व माणसं मर्त्य, सॉक्रेटिस माणूस, तरी सॉक्रेटिस अमर' म्हणणाऱ्याची चूक या जातीची नसते. तो दुटप्पी नसतो, तो विसंगत बोलतो. आपल्या युक्तिवादात तिसरं वाक्य नाकारणाराही विसंगतच बोलतो, आणि त्याची ही चूक ब्लॅकबर्नच्या हाती लागत नाही.

याची सर्वांत बारीक आवृत्ती नकाराची आहे. निकोलस अनविन यांनी ती १९९९ मध्ये पुढे आणली, आणि मराठीत ती फार सहज दिसते. 'दादाला काटा मारणं वाईट वाटतं' या वाक्यात 'नाही' तीन ठिकाणी घालता येतो. दादाला काटा मारणं वाईट आहे असं वाटत नाही. दादाला काटा मारणं वाईट नाही असं वाटतं. दादाला काटा न मारणं वाईट आहे असं वाटतं. तिन्ही वेगळी आहेत. पहिल्यात दादाने कदाचित विचारच केलेला नाही, दुसऱ्यात त्याने विचार करून मुभा दिली आहे, आणि तिसऱ्यात तो काटा मारायलाच हवा म्हणतो. आता भावनावाद्याच्या भाषेत उतरवा: 'दादा काटा मारण्याचा राग करतो.' इथे 'नाही'ला जागा दोनच आहेत. राग करत नाही, किंवा न मारण्याचा राग करतो. मधलं वाक्य, म्हणजे 'वाईट नाही असं वाटतं', बसवायला खाचच नाही. 'खपवून घेतो' असा नवा कल आणता येतो. पण मग राग करणं आणि खपवून घेणं हे एकमेकांशी विसंगत का, हे वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि सिद्ध करायचं होतं तेच तर होतं.

मार्क श्रोडरने २००८ मध्ये ही खाच कोरून दाखवली. 'राग करतो'ऐवजी 'निंदा करण्याच्या बाजूने आहे' असं म्हणा, की 'नाही'ला तिसरी जागा मिळते: निंदा न करण्याच्या बाजूने आहे. पण आपण 'वजन ३०० किलो कमी आहे आणि हे वाईट आहे' अशी मिश्र वाक्यंही बोलतो. ती चालवायची तर 'वजन कमी आहे' या साध्या वाक्यालाही त्याच 'बाजूने असण्या'च्या साच्यात घालावं लागतं, आणि तिथून पुढे साचा इतका अवजड होतो की हा पक्ष बहुधा खोटाच असावा, असा निष्कर्ष खुद्द श्रोडरनेच काढला.

पेपरात गीच लिहा, अर्धं पान तरी लिहा, आणि युक्तिवाद तिन्ही ओळींसकट मांडा. त्यात एक मर्यादा जरूर नोंदवा. नैतिक बोलण्यात भावना नसते, असं गीचचा आक्षेप सिद्ध करत नाही. तो आक्षेप आहे तो 'फक्त' या शब्दावर. नैतिक वाक्य काही सांगतंही आणि त्याबरोबर भावनाही बाहेर काढतं, असे संमिश्र पक्ष आज मांडले जातात. त्यांना 'असेल तर'ची अडचण या स्वरूपात येत नाही. अर्थात मग त्यांना एअरच्या त्या जुन्या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं: निरीक्षकाच्या कागदावर नोंदवता न येणारं असं काय ते वाक्य सांगतं?